नव्या शहरातली पहिली नोकरी आणि धीर देणारी गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशेचे गाणे कसे ओळखावे? जोशपूर्ण चालीचे कोणतेही गाणे चालणार नाही का?

जोश आणि आशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढोलताशांच्या चालीवरचे गाणे ऐकताना अंगात जोर येतो, परंतु गाणे संपल्यावर पोटातला गोळा जागच्या जागीच असतो, कारण त्या गाण्याने भीतीची दखलच घेतलेली नसते. ज्या गाण्यात भीती, एकटेपणा किंवा संकोच यांचा उच्चार आधी होतो आणि नंतर शब्द दुसरीकडे वळतात, ते गाणे घाबरलेल्या माणसाला अधिक उपयोगी पडते. म्हणून यादी करताना चाल ऐकून निर्णय घेऊ नये. गाण्याचे सर्व अंतरे एकदा शांतपणे वाचावेत आणि हे वळण कुठे येते ते पाहावे. काही गाण्यांत ते अगदी शेवटच्या अंतऱ्यात येते, तर काही गाण्यांत ते येतच नाही. दुसऱ्या प्रकारची गाणी कितीही सुंदर असली, तरी पहिल्या महिन्यात ती बाजूला ठेवावीत.

पहिल्या दिवशी सकाळी एकच रचना ऐकायची असेल, तर कोणती ऐकावी?

तुकाराम महाराजांचा ‘जेथे जातो तेथे तू माझा सांगाती’ हा अभंग ऐकावा. अनेक गायकांनी तो वेगवेगळ्या चालींत गायिला आहे, त्यामुळे आपल्या घरी ज्या चालीत तो म्हटला जातो तीच चाल निवडावी. बहुतेकांना त्याची पहिली ओळ पाठ असते आणि अभंग तिथेच सोडून दिला जातो; नव्या नोकरीत जाणाऱ्या माणसासाठी मात्र त्याचे खरे बळ पुढच्या चरणांत आहे.

‘चालविसी हाती धरूनिया’ या शब्दांत बोट धरून चालणारे लहान मूल दिसते. अनोळखी स्टेशनवर उतरून कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे न कळणाऱ्या माणसाची अवस्था याहून फारशी वेगळी नसते. त्यानंतर तिसरा चरण येतो : ‘बोलो जाता बरळ करिसी ते नीट । नेली लाज धीट केलो देवा ॥’ मी बोलायला जातो आणि काहीतरी बरळतो, ते तू सावरून घेतोस. तू माझी लाज काढून टाकलीस आणि मला धीट केलेस. पहिल्या बैठकीत स्वतःची ओळख करून देताना जीभ अडखळेल, इंग्रजी वाक्य अर्ध्यावर तुटेल, वरिष्ठांचे नाव चुकेल, ही जी भीती असते, तिचेच हे वर्णन आहे. येथे तुकोबा आपण उत्तम वक्ते आहोत असा दावा करत नाहीत. आपण बरळतो हे ते आधी मान्य करतात आणि मग धीटपणाकडे येतात.

चौथ्या चरणात नजर बाहेर वळते : ‘अवघे जन मज जाले लोकपाळ । सोइरे सकळ प्राणसखे ॥’ ज्या शहरात एकही ओळखीचा चेहरा नाही, तिथे सगळी माणसे सोयरी होतील, ही कल्पना पहिल्या दिवशी अतिशयोक्तीची वाटू शकते. तरीही हा चरण गाळू नये. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी डबा वाटून घेते, कोणीतरी योग्य फलाट दाखवते, आणि अशा वेळी हा चरण मनात असला, तर त्या लहान गोष्टी नजरेतून निसटत नाहीत.

शक्य असल्यास हा अभंग नुसता ऐकण्यापेक्षा हलक्या आवाजात म्हणावा. एक चरण एका श्वासात म्हणताना श्वास आपोआप सावकाश आणि दीर्घ बाहेर पडतो, आणि दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची धडधड काहीशी मंदावते. अंघोळीच्या वेळी किंवा इस्त्री करताना दोनदा म्हटला तरी पुरतो.

मी श्रद्धाळू नाही. माझ्यासाठी काय?

‘एकाच या जन्मी जणू’ हे गाणे तुमच्यासाठी आहे. सुधीर मोघे यांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर असलेले हे गाणे ‘पुढचं पाऊल’ या १९८६च्या चित्रपटातले आहे. त्यात कोणी कोणाला उपदेश करत नाही आणि कोणाकडे काही मागतही नाही. जे आहे ते ‘मी’च्या तोंडून आणि भविष्यकाळात आहे. याच जन्मात आपण पुन्हा नव्याने जन्म घेऊ, असे ती ‘मी’ स्वतःलाच सांगते. आपण हरवू हेही ती कबूल करते, आणि तरीही स्वतःला सापडू असे म्हणते. नव्या शहरात गेलेल्या माणसाची सर्वांत खोलवरची भीती पुष्कळदा काम जमेल की नाही ही नसते. आपण पूर्वी जे होतो ते इथे कोणालाच ठाऊक नाही, ही ती असते. गावातली हुशार मुलगी इथे केवळ एक ओळखपत्र होते. त्या भीतीला हे गाणे नेमके उत्तर देते, आणि म्हणून ते सकाळपेक्षा संध्याकाळी, दिवसभर स्वतःला लहान वाटून परतल्यावर, अधिक चांगले लागू पडते.

मी मुंबईत येत आहे. मुंबईवरची गाणी ऐकावीत का?

ऐकावीत, परंतु निवडून ऐकावीत. मुंबईवर जितकी गाणी झाली, त्यांतली बरीचशी तक्रारीची आहेत. दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’ हे गाणे. १९५६चा ‘सी.आय.डी.’ हा चित्रपट, मजरूह सुलतानपुरी यांचे शब्द, ओ. पी. नय्यर यांचे संगीत, मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांचे आवाज. या गाण्याची गंमत शेवटी आहे. रफींच्या आवाजातले अंतरे शहराची खरडपट्टी काढतात : इथे इमारती आहेत, ट्राम आहेत, मोटारी आहेत, गिरण्या आहेत, फक्त माणसाचे मन कुठे सापडत नाही. नंतर गीता दत्त यांच्या आवाजात उत्तर येते. जगाला नावे ठेवण्याइतका भोळा होऊ नकोस, इथे जो जसे करतो तो तसे भरतो, असे ती सांगते आणि ध्रुवपदातला अवघडपणा बदलून इथे जगणे सोपे आहे असे गाते. चाल तीच राहते, एक शब्द फिरतो आणि सगळे शहर वेगळे दिसू लागते. ज्यांनी हे गाणे केवळ पहिल्या अंतऱ्यापर्यंत ऐकले आहे, त्यांनी ते शेवटपर्यंत अवश्य ऐकावे. पडद्यावर ते जॉनी वॉकर यांच्या तोंडी आहे. ते स्वतः इंदूरहून मुंबईत आले होते आणि चित्रपटांत येण्यापूर्वी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते. या शहरात परका म्हणून येऊन आधी मिळेल ती नोकरी करणारा माणूसच ते गाणे पडद्यावर म्हणतो आहे, हे ठाऊक असले की त्यातल्या तक्रारीचा सूरही आपला वाटू लागतो.

दुसरे उदाहरण १९७७च्या ‘घरौंदा’ या चित्रपटातले आहे आणि तिथे विशेष सावध राहायला हवे. कार्यालयात नोकरी करणारे दोघे जण मुंबईत स्वतःचे घर शोधतात, अशी त्याची कथा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब त्यात आहेत. या चित्रपटात गुलजार यांचे शब्द आणि जयदेव यांचे संगीत असलेली एकाच मुखड्याची दोन गाणी आहेत. ‘दो दीवाने शहर में’ हे भूपिंदर सिंग आणि रूना लैला यांचे द्वंद्वगीत असून त्यात दोघे मिळून घराचे स्वप्न रंगवतात. या भुलभुलैयासारख्या गल्ल्यांत आपलेही एखादे घर असेल आणि त्याच्या खिडकीतून आकाश दिसेल, असे ते बोलत राहतात. भाड्याच्या खोलीत पहिली रात्र काढणाऱ्या माणसाला हे गाणे हलके करते. ‘एक अकेला इस शहर में’ हे मात्र भूपिंदर यांनी एकट्याने गायिलेले गाणे आहे, आणि त्यात दिवस रिकाम्या भांड्यासारखा आणि रात्र आंधळ्या विहिरीसारखी आहे. जगण्याला कारण उरले नाही, असे म्हणण्यापर्यंत ते जाते. काव्य म्हणून ते श्रेष्ठ आहे, परंतु त्यात वळण नाही. ॲप एका गाण्यामागून त्याच चित्रपटातले दुसरे गाणे आपोआप लावते, त्यामुळे स्वप्नाचे गाणे ऐकता ऐकता माणूस नकळत त्या विहिरीपाशी येऊन पोहोचतो. म्हणून स्वतःची यादी तयार करावी आणि आपोआप पुढचे गाणे लावण्याची सोय बंद ठेवावी.

रात्री घरची फार आठवण येते. तेव्हा काय ऐकावे?

भा. रा. तांबे यांच्या ‘घन तमी शुक्र बघ राज्य करी’ या कवितेचे गाणे ऐकावे, ज्याला हृदयनाथ मंगेशकर यांची चाल आणि लता मंगेशकर यांचा स्वर लाभला आहे. तांबे यांचे आयुष्य महाराष्ट्राबाहेर, मध्य भारतात गेले आणि ते ग्वाल्हेरचे राजकवी होते. परक्या प्रांतात राहून आपल्या भाषेत लिहिणाऱ्या माणसाची ही रचना आहे.

कवी आपल्याच खिन्न मनाला जवळ बसवून बोलतो. गडद अंधारात शुक्राचा तारा कसा चमकतो आहे ते एकदा पाहा तरी, असे तो म्हणतो आणि पुढे त्याला अंडे फोडून मोकळ्या हवेत यायला सांगतो, आत कुढत का गुदमरतोस असे विचारतो. खोलीचे दार लावून घेऊन, सहनिवासी बोलवत असताना जेवायला न जाणाऱ्या मुलाला याहून थेट कोणी सांगू शकत नाही. फूल गळते तेव्हा फळ येते, तेल जळते तेव्हा ज्योत उजळते, हे त्यातले दाखलेही नव्या सुरुवातीला जुळणारे आहेत.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. या कवितेचा शेवट मृत्यूच्या विचाराशी पोहोचतो. मरणाला का भितोस, आई बाहू पसरून वाट पाहते आहे, असे ते शब्द आहेत. गाण्यातला हा भाग ऐकताना, ज्याने संध्याकाळीच आईचा फोन ठेवला आहे, त्याचे डोळे भरून येतात. रडून मोकळे वाटत असेल तर ते योग्यच आहे. परंतु आधीच फार खचलेले असताना, किंवा घरात अलीकडे कोणी गेले असताना, हे गाणे टाळावे आणि तुकोबांच्या अभंगाकडे परतावे. त्याचप्रमाणे ‘कन्या सासुराशी जाये’ हा मागे वळून पाहण्याचा अभंग अतिशय हृद्य असला, तरी त्यातले मन घराकडेच ओढ घेत राहते. पहिल्या आठवड्यातल्या रात्रीसाठी तो नाही.

‘आकाशी झेप घे रे पाखरा’ हे गाणे सगळे सुचवतात. ते घ्यावे का?

जगदीश खेबूडकर यांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी संगीत देऊन स्वतः गायिलेले हे गाणे १९७६च्या ‘आराम हराम आहे’ या चित्रपटातले आहे. सोन्याचा का असेना, पण तो पिंजराच आहे, तो सोड आणि कष्टाने उभा राहा, हा त्याचा आशय आहे. म्हणजेच हे गाणे अजून बाहेर न पडलेल्या माणसाला उद्देशून आहे. सामान बांधताना, घर सोडावे की नाही या घालमेलीत, ते उत्तम. एकदा शहरात पोहोचल्यावर मात्र पिंजरा मागे पडलेला असतो आणि पंख दुखत असतात; अशा वेळी ‘झेप घे’ हे शब्द काहींना टोचतात. तुमच्या वडिलांचे ते आवडते गाणे असेल आणि त्यांच्या आवाजाची आठवण त्यात असेल, तर वरचा आक्षेप सोडून द्यावा.

प्रत्यक्ष पहिल्या दिवसाची आखणी करून दाखवाल का?

समजा, परभणीची एक तरुणी देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून रविवारी सकाळी ठाण्यात उतरली आहे, तिथेच एका ठिकाणी पेइंग गेस्ट म्हणून तिची सोय झाली आहे आणि सोमवारी साडेनऊला तिला दादरच्या कार्यालयात हजर व्हायचे आहे.

रविवारी दुपारी तिने दोन कामे करावीत. चार गाणी मोबाइलमध्ये उतरवून घ्यावीत, कारण धावत्या लोकलमध्ये नेटवर्क तुटते आणि गाणे नेमके अर्ध्यावर अडकते. दुसरे काम म्हणजे गर्दी नसताना एकदा दादरपर्यंत जाऊन यावे. रस्ता ठाऊक नसण्याची भीती गाण्याने जात नाही, ती रस्ता पाहिल्यानेच जाते. गाण्याचे काम उरलेल्या भीतीसाठी आहे.

सोमवारी सकाळी आवरताना अभंग म्हणावा. ठाण्याहून दादरला जलद लोकलने साधारण अर्धा तास लागतो. पहिल्याच दिवशी डब्यात शिरायला जमले नाही तर एखादी गाडी सोडावी लागेल, हे धरून निघावे. गाडीत उभे राहायला नीट जागा मिळाल्यावर एका कानात इअरफोन लावून ‘ऐ दिल है मुश्किल’ पूर्ण ऐकावे, त्यानंतर ‘दो दीवाने शहर में’. एवढ्यात घाटकोपर येते. तिथे गाणी थांबवून इअरफोन पिशवीत टाकावेत. पुढे कुर्ला आणि मग दादर, उतरणाऱ्या बायका आधीपासूनच दाराकडे सरकू लागतात आणि मागून कोणीतरी विचारते, “दादर का?” या प्रश्नाला मोठ्याने “हो, दादर” म्हणावे लागते, नाहीतर मागच्या बाई पुढे जायला वाट मागतात. शहरातले तिचे पहिले संभाषण बहुधा हेच असेल आणि ते कान मोकळे असल्याशिवाय होणार नाही. काही लोकलच्या डब्यांत भजनी मंडळी टाळ घेऊन गात असतात. तशी मंडळी भेटली, तर आपली यादी बाजूला ठेवून त्यांचेच ऐकावे.

संध्याकाळी परतताना तिने लगेच गाणे लावू नये. दिवसात भेटलेल्या माणसांची नावे मनात एकदा घोळवावीत, कारण मंगळवारी तीच उपयोगी पडणार आहेत. खोलीवर पोहोचून, हातपाय धुऊन झाल्यावर ‘एकाच या जन्मी जणू’ ऐकावे.

कार्यालयात काम करताना गाणी ऐकावीत का?

पहिले दोन-तीन आठवडे ऐकू नयेत, कार्यालयात तशी मुभा असली तरीही. कानात इअरफोन असलेल्या नवख्या माणसाला कोणी चहाला बोलवत नाही, आणि कामाचे अर्धे ज्ञान शेजारच्या टेबलावरच्या बोलण्यातून मिळते.

तीच गाणी रोज ऐकली तर त्यांचा प्रभाव कमी होणार नाही का?

काही प्रमाणात होतो, आणि तो होऊ द्यावा. ओळखीच्या गाण्यात पुढे काय येणार हे मनाला ठाऊक असते. दिवसभर प्रत्येक गोष्ट नवी असताना तेवढीच एक गोष्ट ठरलेली असणे हा मोठा विसावा असतो. मात्र एकाच गाण्याला गजराचा आवाज करून ठेवू नये, कारण काही दिवसांतच ते गाणे ऐकताच उठण्याचा कंटाळा आठवू लागतो आणि एक चांगले गाणे हातचे जाते.

नोकरी महाराष्ट्राबाहेर, उदाहरणार्थ बंगळुरूत आहे. तिथे मराठी गाणी पुरतील का?

खोलीत पुरतील, परंतु बाहेर त्या शहराचे एक तरी गाणे ओळखीचे असावे. बंगळुरूसाठी ‘हुट्टिदरे कन्नड नाडल्लि हुट्टबेकु’ हे घ्यावे. १९९३च्या ‘आकस्मिक’ चित्रपटातले हे गाणे हंसलेखा यांचे असून डॉ. राजकुमार यांनी गायिले आहे, आणि जन्म घ्यायचा तर कन्नड भूमीत घ्यावा, असा पहिल्या ओळीचा अर्थ आहे. ते तिथे घराघरांत माहीत आहे. त्याच्या दोन ओळींचा अर्थ एखाद्या सहकाऱ्याला विचारावा. नव्या माणसाने आपल्या भाषेतले गाणे विचारले, की बहुतेक लोक आनंदाने बोलते होतात.

‘या जन्मावर, या जगण्यावर’ हे या यादीत का नाही?

मंगेश पाडगांवकर, यशवंत देव आणि अरुण दाते यांचे हे भावगीत कोणाला आवडत नाही? परंतु त्यात भीतीचा उच्चार नाही. ते जगण्यावर आधीच प्रेम जडलेल्या माणसाचे गाणे आहे. पहिल्या सोमवारी ते दूरचे वाटेल. दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यात, एखाद्या सुटीच्या दिवशी, पाऊस पडत असताना ते लावावे. त्यातली भिजलेली काळी माती मराठवाड्यातून आलेल्या माणसाला आपल्या शिवाराचीच वाटेल, आणि तोवर ती आठवण दुखण्याऐवजी सुखावू लागलेली असेल.

गाण्यांचा काहीच उपयोग होत नसेल तर?

सुरुवातीची धाकधूक बहुधा काही आठवड्यांत उतरते. परंतु दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामावर निघताना रोज छाती दडपत असेल किंवा आवडती गाणीही नकोशी झाली असतील, तर यादी बदलत बसू नये. घरच्यांना स्पष्ट सांगावे आणि डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचा विचार मनात आला, तर दोन आठवड्यांची वाट न पाहता त्याच क्षणी हा क्रमांक लावावा आणि खोलीतल्या किंवा शेजारच्या कोणाला तरी सोबत बसायला सांगावे.